बर्फ राहू द्या, तोंड फोडू द्या

प्रति,
परभाषेतल्या ॲनिमेशन मालिका मराठीत डब करून घेणाऱ्या वाहिन्यांचे व ओटीटी मंचांचे निर्मितीप्रमुख, भाषा-समन्वयक आणि संहितेवर मंजुरीची सही करणारे सर्वजण,

स.न.वि.वि.

मी डबिंगसाठी मराठी संवाद लिहिते. या पत्राचं कारण तुमच्या तक्त्यातला एक रकाना आहे. आमची संहिता तुमच्याकडे येते तेव्हा तिच्यात टाइमकोड, पात्राचं नाव, मूळ ओळ आणि मराठी ओळ असते आणि शेवटी ‘बॅक ट्रान्सलेशन’ असतं. म्हणजे आमची मराठी ओळ शब्दशः पुन्हा इंग्रजीत. मराठी न येणाऱ्या माणसाला काय लिहिलंय ते कळावं म्हणून हा रकाना असतो. कथेचा धागा सुटला नाही ना, एखादा अपशब्द घुसला नाही ना, हे त्यातून चांगलं कळतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण विनोदाचं भवितव्यही त्याच रकान्यावरून ठरतं, आणि तिथे आमचे चांगले विनोद नापास होतात, वाईट पास होतात. हे कसं घडतं ते एका प्रसंगावरून दाखवते. गोपनीयतेच्या करारामुळे खऱ्या मालिकेतला प्रसंग सांगता येत नाही, म्हणून त्याच जातीचा एक रचला आहे.

अकरा मिनिटांचा भाग आहे. वर्षानुवर्षं भांडणारे दोन सेनापती तहासाठी समोरासमोर बसलेत आणि कुणीच बोलत नाही. टेबलाच्या मधोमध त्यांच्यापैकी एकाचा बर्फाचा पुतळा आहे, खांद्यापासून वर, मिशांसकट. बाजूला उतावळी कॅप्टन उभी आहे. तिच्या शेजारी तिचा रोबो, ज्याला सांगितलेलं सगळं शब्दशः कळतं. सेनापतींवर कॅमेरा असताना कॅप्टनचा आवाज येतो, ‘कुणीतरी काहीतरी बोलायला हवं.’ मग कॅप्टनचा क्लोजअप. ती रोबोच्या कानात कुजबुजते, ‘ब्रेक द आइस.’ रोबो पाऊण सेकंद स्तब्ध. मग हातोडा घेऊन पुढे जातो आणि पुतळ्याचं डोकं फोडतो. पुन्हा शांतता. रोबो वळून सांगतो, ‘आइस ब्रोकन.’ ज्याचा पुतळा तो सेनापती आ वासून बघतो, दुसरा खो खो हसतो, मग पहिलाही हसू लागतो. कॅप्टन म्हणते, ‘वेल, इट वर्क्ड.’

मूळ विनोदाची रचना नीट बघा. बर्फ फोडण्याचा वाक्प्रचार रोबोने शब्दशः घेतला, हा झाला वरचा थर. खालचा थर असा की हातोडा मारून झाल्यावर वाक्प्रचाराचा अर्थही खरा ठरतो, कारण दोघं शेवटी बोलते होतात. शेवटच्या ओळीचा आनंद या खालच्या थरातून येतो. म्हणून मराठीत मला अशी गोष्ट हवी की जी सांगितली तर ‘बोलायला सुरुवात कर’ असा अर्थ व्हावा, शब्दशः केली तर हातोडा लागावा, आणि हातोडा जिथे पडतो तिथेच तिचा निशाणा असावा. चित्र बदलता येत नाही. पुतळा, हातोडा आणि हशा जागेवर आहेत, फक्त शब्द माझ्या हातात आहेत.

‘बर्फ तोड’ लिहिलं तर मराठी प्रेक्षकाला ती साधी आज्ञा वाटते. मालकिणीने बर्फ तोडायला सांगितला, नोकराने तोडला. मग तिला धक्का का बसावा? (शिवाय आपण बर्फ फोडतो. बर्फाला ‘तोड’ हे हिंदीतून आलेलं, आणि मंजूर संहितांमध्ये ते सर्रास दिसतं.) ‘कोंडी फोड’ बरं आहे. बोलणी अडलेली असतात तेव्हा कोंडी फोडतात, आणि ‘फोड’ हे क्रियापद हातोड्याला चालतं. पण चित्रात कोंडी कुठे आहे? रोबोने अर्धंच वाक्य ऐकलं असा नवा विनोद होतो. चालला असता, पण रोबो अर्धवट ऐकणारा नाही. तो पूर्ण ऐकतो, म्हणूनच घोटाळा करतो. हा फरक बारीक वाटेल, पण पात्राचा स्वभाव नेमका असल्या बारीक ठिकाणी जातो.

मग पुतळ्याकडे पुन्हा पाहिलं. त्याला तोंड आहे! आणि मराठीत अवघड विषय काढायचा असतो तेव्हा विषयाला तोंड फोडतात. आता दोन्ही थर जुळले. कॅप्टन म्हणते ‘तोंड फोड’, तिला म्हणायचंय बोलायला सुरुवात कर. रोबो समोरचं तोंड फोडतो. आणि शेवटी सेनापती हसू लागतात तेव्हा ‘वेल, इट वर्क्ड’च्या जागी कॅप्टन म्हणते, ‘फुटलं की तोंड!’ बर्फ शब्दांतून गेला, चित्रात मात्र राहिला, आणि विनोद मुळापेक्षा तसूभरही कमी नाही. खरं तर मला तो किंचित जास्त आवडतो, कारण मूळ विनोदात पुतळा कुणाचा याने फरक पडत नव्हता, मराठीत पडतो.

एवढ्याने काम झालं नाही, कारण ओळ तोंडात बसायला हवी. अमेरिकी पद्धतीत सहसा आवाज आधी रेकॉर्ड होतो आणि त्यावरून ओठांची चित्रं काढतात, त्यामुळे मूळ भाषेतला प्रत्येक ‘ब’ आणि ‘म’ पडद्यावर मिटलेल्या ओठांनी दिसतो. जपानी टीव्ही मालिकांमध्ये बहुधा उलटं असतं. चित्र आधी होतं, आवाज मागून देतात, आणि तोंडाची चित्रं पुष्कळदा तीनच असतात: बंद, अर्धवट उघडं आणि उघडं. तिथे आम्हाला ओळीची सुरुवात, शेवट आणि मधले थांबे सांभाळले की पुष्कळ मोकळीक मिळते. आपला प्रसंग पहिल्या जातीचा आहे असं धरू. चित्र सेकंदाला 24 फ्रेमने चालतं. कॅप्टनची ओळ साधारण एक सेकंदाची आहे, तोंड तीनदा उघडतं, आणि पहिल्याच फ्रेमला ओठ मिटलेले आहेत, कारण मूळ ओळ ‘ब’ने सुरू होते.

‘विषयाला तोंड फोड’ एवढं सगळं या एका सेकंदात मावत नाही आणि सुरुवातही जुळत नाही. पण आधीच्या ओळीला कॅमेरा सेनापतींवर आहे, कॅप्टनचा फक्त आवाज येतो. अशा ऑफ ओळीला ओठांचं बंधन नसतं, शॉटच्या लांबीत ती कुठेही बसते. म्हणून वाक्प्रचार तिथे पेरला: ‘विषयाला कुणीतरी तोंड फोडायला हवं.’ क्लोजअपसाठी उरलं ‘फोड ना तोंड!’ तीन उच्चार, तीन उघडझाप. ‘फ’ म्हणताना ओठ मिटतात, तेव्हा पहिली फ्रेमही जुळली. मात्र हल्ली पुष्कळ जण ‘फ’ वरचे दात खालच्या ओठावर टेकवून म्हणतात. तसं केलं तर मिटलेल्या ओठांवर उघडा आवाज येतो आणि डोळ्यांना खटकतं. संहितेत त्या अक्षराखाली रेघ मारून ‘दोन्ही ओठ’ असं डबिंग डायरेक्टरसाठी लिहून ठेवावं लागतं. फ्रान्समध्ये याची जुनी, पक्की सोय आहे. पडद्याखालून संवादाची पट्टी सरकत जाते, तिला ‘बांद रिद्मो’ म्हणतात. संवाद लिहिण्याआधीच एक माणूस मूळ चित्र बघून ओठ कुठे मिटतात, कुठे उघडतात, श्वास कुठे आहे याच्या खुणा करून ठेवतो. आमच्याकडे हे काम लेखकाने पेन्सिलीने करायचं असतं, आणि त्याला वेळ धरलेला नसतो.

त्या ओळीतल्या शब्दांचा क्रमही बघा. मराठी वाक्य क्रियापदाने संपतं. इंग्रजी विनोदात धक्क्याचा शब्द बहुधा शेवटी येतो. सरळ भाषांतर केलं की तो शब्द मधे जातो आणि मागे ‘आहे’, ‘होता’, ‘केलं’ असलं काहीतरी रेंगाळतं. प्रेक्षक धक्क्याच्या शब्दावर हसायला तोंड उघडतो तोवर वाक्य अजून चालूच असतं. सुदैवाने बोलीत आपण क्रियापद सहज पुढे आणतो. ‘चोर माझ्याच खिशात सापडला’ यात हसू नाही. ‘चोर सापडला… माझ्याच खिशात’ यात आहे. ‘फोड ना तोंड’ हे त्याच चालीचं. तुमच्या तपासनिसाच्या रकान्यात या दोन्ही रचना इंग्रजीत एकसारख्या दिसतात, आणि ‘वाक्यरचना व्याकरणाप्रमाणे करा’ असा शेरा मारून ओळ सरळ करायला पाठवली जाते. सरळ झाली की ती मेली.

रोबोचं उत्तर ‘आइस ब्रोकन’. त्याला ओठ नाहीत, तोंडाच्या जागी दिवा लुकलुकतो, तीनदा. ‘तोंड फोडलं.’ तोंड, फोड, लं. कधी कधी भाषा स्वतःहून हात देते.

त्यापुढची गोष्ट शब्दांची नाही, पण शब्दांनीच बिघडते. कुजबुज आणि हातोडा यांच्या मधली पाऊण सेकंदाची स्तब्धता, म्हणजे 18 फ्रेम, हा विनोदाचा कणा आहे. तेवढ्यात प्रेक्षकाच्या लक्षात येतं की रोबो काय समजून बसलाय. डबिंगमध्ये कलाकार सहसा एकेकटे येऊन आपापल्या ओळी म्हणतात. कॅप्टनच्या बाईंनी शेवटचा ‘तोंड’ जरा लांबवला आणि ओळ सहा फ्रेम पुढे गेली, तर ऐकताना कुणालाच काही वाटत नाही. पण स्तब्धता 12 फ्रेमवर आली. एक तृतीयांश गेली. अशा वेळी मिक्सिंगला आवाज थोडा ताणून किंवा दाबून बसवतात. दाबलेला आवाज स्वरात बदलत नाही, पण त्यातला श्वास घाईचा होतो, आणि कुजबुज ही नव्वद टक्के श्वासच असते. तेव्हा ओळ लांब होत असेल तर शब्द कापा, आवाज पळवू नका. आणि कापायचा कुठला शब्द हे तिथल्या तिथे सांगायला लेखक रेकॉर्डिंगला हजर हवा, निदान अशा प्रसंगांपुरता. लेखक नसतो तेव्हा डबिंग डायरेक्टर बिचारा कन्सोलवर उभ्या उभ्या ओळ बदलतो. त्याला पुढच्या ‘फुटलं की तोंड’ची कल्पना असेलच असं नाही. त्याने ‘तोंड’ काढून ‘बोल ना आता’ केलं की शेवटची ओळ लोंबकळत राहते.

सेनापतींच्या हशाबद्दल थोडक्यात. हसणं, दचकणं, हुंकार हे कधी संगीत-आणि-आवाजांच्या ट्रॅकमध्ये, म्हणजे एम अँड ईमध्ये येतं, कधी मूळ संवादांच्या ट्रॅकमध्ये अडकलेलं असतं. दुसऱ्या बाबतीत मराठी आवृत्तीत दोघं मुक्याने हसताना दिसतात आणि ऐन शेवटी कुणीतरी एकाच कलाकाराकडून दोघांचं हसू करून घेतो. ट्रॅक पाठवताना यादी जोडलीत तर हे टळेल.

आता मंजुरी. ‘फोड ना तोंड’चं बॅक ट्रान्सलेशन होतं साधारण ‘थोबाड फोड’. तपासणाऱ्याच्या समोर मूळ ओळ आहे, जिच्यात बर्फ आहे. मराठी ओळीत बर्फ नाही, उलट मारामारी आहे, आणि मालिका लहान मुलांची. दोन शेरे येतात: ‘अर्थ जुळत नाही’ आणि ‘हिंसक भाषा’. त्या माणसाचा दोष नाही, त्याच्या रकान्यात जे दिसतं त्यावर तो बरोबरच बोलतोय. ओळ परत येते, सुचवलेल्या बदलासह. ‘बर्फ तोड’ त्याच रकान्यात ‘ब्रेक द आइस’ म्हणून उतरते, मूळ ओळीशी अक्षरशः एकरूप. शंभरपैकी शंभर गुण. ज्या ओळीवर कुणी हसणार नाही ती ओळ या तपासणीत सगळ्यात अचूक ठरते, आणि हे योगायोगाने होत नाही. विनोद जितका मराठी होईल तितका तो उलटा नेताना परका दिसणार, हे या पद्धतीतच आहे.

म्हणून माझी पहिली मागणी ही की विनोदाच्या ओळीला बॅक ट्रान्सलेशनऐवजी टीप मागवा. टीप लहान असते. याच प्रसंगाची अशी लिहिता येईल: ‘चित्रात सेनापतीच्या पुतळ्याचं डोकं फुटतं. मूळ विनोद वाक्प्रचार शब्दशः घेण्याचा, आणि शेवटी वाक्प्रचार खरा ठरतो. मराठीत विषयाला तोंड फोडणे म्हणजे अवघड बोलणं सुरू करणे. शब्दशः अर्थ चेहरा फोडणे. मारहाणीची धमकी असा अर्थ आधीच्या ओळीमुळे होत नाही. ही ओळ बदलल्यास आधीची ऑफ ओळ आणि कॅप्टनची शेवटची ओळही बदलावी लागेल.’ शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या तक्त्यात प्रत्येक ओळ एकटी असते, विनोद मात्र चार ओळींत पसरलेला असतो. आणि ही टीप चित्र लावून वाचली जावी, तक्ता उघडून नव्हे.

चित्रावरून आठवलं. गळतीच्या भीतीने आम्हाला कधी कधी असं चित्र मिळतं की सगळी फ्रेम काळी, आणि बोलणाऱ्याच्या तोंडापुरतं एक भोक. भीती समजते, करारही आम्ही सही करूनच देतो. पण वरच्या प्रसंगात त्या भोकातून कॅप्टनचे ओठ दिसले असते, पुतळा दिसला नसता. पुतळा दिसला नसता तर तोंड सुचलंच नसतं, मीही ‘कोंडी’वर थांबले असते. चित्राशी शब्दांनी भांडण काढलं की ते वर्षानुवर्षं लोकांच्या लक्षात राहतं: ‘पोकेमॉन’च्या इंग्रजी आवृत्तीत पडद्यावर भाताचा ओनिगिरी दिसत असताना पात्र त्याला जेली डोनट म्हणतं, आणि त्याची थट्टा आजही चालू आहे. तिथे निदान तो जाणूनबुजून घेतलेला निर्णय होता. आम्हाला आंधळेपणी असले निर्णय घ्यायला लावू नका. पुसट चित्र द्या, आडवं नाव छापलेलं द्या, कार्यालयात बसवून दाखवा, पण पूर्ण फ्रेम दाखवा.

तीच गत मधल्या भाषेची. मूळ मालिका एका भाषेत, तिची इंग्रजी आवृत्ती, तिच्यावरून हिंदी, आणि ती हिंदी संहिता मराठीसाठी आमच्या हातात. हिंदीच्या लेखकाने आपल्या विनोदासाठी जी तोडमोड केली ती त्याच्या भाषेत योग्यच असते. पण आम्ही मग मूळ विनोदाचं नाही, तर त्याच्या उत्तराचं भाषांतर करत बसतो. हिंदी संहिता संदर्भाला जरूर द्या. तिच्यासोबत मूळ आवाज आणि मूळ संवाद, प्रत्यक्ष जसे बोलले गेले तसे, पाहिजेतच.

स्वभावाबद्दल एक गोष्ट अशी आहे की ती तुमच्या कोणत्याच रकान्यात दिसत नाही. मराठी ओळ तोंडापेक्षा आखूड पडली की उरलेली उघडझाप भरायला सगळ्यात स्वस्त माल म्हणजे ‘अरे’, ‘बघ ना’, ‘म्हणजे’, ‘हं’, ‘बरं का’. बॅक ट्रान्सलेशनमध्ये हे शब्द गळून पडतात, म्हणून कुणी हरकत घेत नाही. पण मराठीत माणसाचा स्वभाव निम्मा या बारक्या शब्दांतच असतो. उतावळ्या कॅप्टनच्या तोंडी ‘ना’ शोभतो, तो तिची घाई आहे. रोबोच्या तोंडी एकदा ‘बघ ना’ आलं की तो रोबो राहिला नाही, शेजारचा मुलगा झाला. आणि असं भरण तीन-चार भागांत इकडेतिकडे झालं की सगळी पात्रं एकाच माणसासारखी बोलू लागतात.

रोबोसाठी मी नियम केला असता की एकही भरीचा शब्द नाही. तोंड लांब असेल तर क्रियापद लांबवायचं, तेही सरकारी कागदासारखं. छोट्या जागेत ‘फोडलं’, मोठ्या जागेत ‘फोडण्यात आले आहे’. त्यातही ‘आलं’ नाही, ‘आले’; छापील मराठी. त्याने लांबी भरते आणि स्वभावही ठळक होतो. हा नियम पहिल्या भागाच्या आधी लिहून ठेवावा लागतो आणि सगळ्या लेखकांनी पाळावा लागतो, कारण घाईच्या वेळी भाग दोन-तीन जणांत वाटले जातात. तुमच्याकडून आम्हाला पात्रांच्या नावांची आणि खास शब्दांची यादी येते. तिच्यातच प्रत्येक पात्राच्या बोलण्याचे दोन-चार नियम जोडायला जागा ठेवा, आणि ते मराठीत लिहू द्या.

आणि पुढच्या भागांची कथा आधी सांगा. हे कुतूहल नाही, व्याकरणाची अडचण आहे. समजा याच मालिकेत एक बुरखाधारी दरोडेखोर आहे आणि शेवटच्या भागात कळतं की ती मुलगी आहे. इंग्रजीत ती पंचवीस भाग ‘आय केम’, ‘आय नो’ म्हणत सुखाने वावरते. मराठीत पहिल्याच भागात ‘मी आलो’ की ‘मी आले’ हे ठरवावं लागतं. ‘आले’ म्हटलं तर गुपित फुटलं, ‘आलो’ म्हटलं तर शेवटी प्रेक्षक म्हणणार, लबाडी केली. आधी माहीत असेल तर मार्ग आहे, कारण मराठीत पळवाटाही भरपूर आहेत. ‘मी पेटी चोरली’ यात चोरणाऱ्याचं लिंग दिसत नाही, पेटीचं दिसतं. ‘मला सगळं ठाऊक आहे’, ‘मला जायचंय’, ‘माझं काम झालं’ यातही दिसत नाही. अशा वाक्यांवर पंचवीस भाग निभावून नेता येतात, आणि त्यातून त्या पात्राला एक तुटक, गूढ लकबही मिळते. दुसऱ्या पात्रांनी तिला ‘अरे’ म्हणायचं नाही, ‘अगं’ही नाही, एवढं पथ्य. पण हे सारं पहिल्या भागापासून व्हायला हवं. भाग एक प्रसारित झाल्यावर शेवटचा भाग हातात आला तर कुणीच काही करू शकत नाही.

‘तू’ आणि ‘तुम्ही’चंही तसंच आहे. रोबो कॅप्टनला ‘तुम्ही’ म्हणतो असं आम्ही ठरवतो. मूळ भाषेत तो भेदच नसेल, तर एखाद्या भागात रोबो पहिल्यांदा तिला मित्र मानतो तो क्षण मूळ कलाकाराने नुसत्या आवाजाने दाखवलेला असतो. मराठीत तिथे एकदाच ‘तू’ येऊ शकतो, आणि तो भाषेने फुकट दिलेला क्षण आहे. फक्त तो कोणत्या भागात आहे हे आधी कळायला हवं, म्हणजे तोवर चुकूनही दुसरा ‘तू’ खर्च होणार नाही.

शेवटी, विनोद जमला की नाही हे ओळखायचं कसं, असं तुम्ही विचाराल. मूळ मालिका न पाहिलेल्या चार मराठी माणसांना प्रसंग दाखवा आणि ती कुठे हसतात ते बघा. हातोडा पडल्यावर हसू येणारच, ते चित्राचं हसू आहे, ‘बर्फ तोड’ ठेवलं तरी येईल. पुष्कळदा त्यावरच डबिंग छान झालं असा निर्वाळा दिला जातो. तुम्ही कान द्या तो ‘तोंड फोडलं’ आणि ‘फुटलं की तोंड’ या दोन ओळींवर. तिथे हसू आलं तर ते शब्दांचं. हातोड्यावर हसून माणसं पुढे नुसती बघत राहिली, तर समजा की मधली एखादी ओळ कुणीतरी सरळ केली आहे. आणि ‘फोड ना तोंड’वर कुणी आधीच हसलं तर ऑफ ओळ कमी पडली, कॅप्टनच्या तोंडून थेट धमकी ऐकू आली, मग तुमच्या तपासनिसाचा शेरा बरोबर होता आणि ओळ मला परत लिहायची आहे. या परीक्षेत नापास झालेली ओळ मी वाद न घालता बदलीन.

पुढच्या मालिकेचं काम पाठवाल तेव्हा मंजुरी देणाऱ्यांत एक तरी नाव मराठी ऐकून समजणाऱ्याचं असू द्या, आणि विनोदाच्या ओळींपुरता अखेरचा शब्द त्या व्यक्तीचा ठेवा. तक्त्यात नवा रकाना घालायचा नसेल तर नका घालू, आम्ही टीप शेऱ्यांच्या जागेत लिहू. फक्त शेरे वाचायच्या आधी चित्र सुरू करा.

कळावे,
आपली,
एक संवादलेखिका